बचत गटाच्या बैठकीचा निरोप: गटावर काय टाकायचं आणि एकेकीला काय कळवायचं

प्रश्न: आमचा बारा जणींचा बचत गट आहे, मी सचिव आहे. दर महिन्याच्या १० तारखेला बैठक आणि प्रत्येकीची २०० रुपये बचत. मी व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकते, तरी कोणी विसरतं, कोणी कमी पैसे आणतं, कोणी म्हणतं माझा हप्ता किती ते मला माहीतच नव्हतं. ऑगस्ट २०२५ मध्ये १० तारखेला रविवार आहे आणि आदल्या दिवशी राखीपौर्णिमा. मेसेज नेमका कसा लिहू? नमुना द्याल का?

उत्तर:

ताई, एका मेसेजने हे काम होणार नाही, दोन वेगळे निरोप लागतील. एक गटावर, सगळ्यांसाठी सारखा: तारीख, वार, वेळ, जागा आणि बचतीची रक्कम. दुसरा फक्त जिच्यावर कर्ज आहे तिला, तिच्या एकटीच्या आकड्याचा. "माझा हप्ता मला माहीत नव्हता" असं म्हणणारी बाई बहुतेक वेळा खरंच सांगत असते. घटत्या शिल्लकेवर व्याज असेल तर तिची रक्कम दर महिन्याला बदलते, आणि गटावर "सर्वांनी बचत व हप्ता घेऊन यावे" एवढंच लिहिलं तर तो हप्ता किती हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं.

आधी तारखेचं बघू, कारण तुमचा ऑगस्ट अवघड आहे. ९ ऑगस्टला शनिवार आणि राखीपौर्णिमा. तो महिन्याचा दुसरा शनिवारही आहे, म्हणजे बँक बंद. १० तारखेला रविवार, बँक बंदच. त्यात निम्म्या बायका माहेरी जाणार किंवा नणंदा घरी येणार. १० तारखेला बैठक धरलीत तर पाच-सहा जणी जेमतेम येतील, आणि आलेले पैसे कोणाच्या तरी कपाटात रात्रभर पडून राहतील. ११ तारखेला श्रावणी सोमवार आहे, पण उपास असला तरी दुपारी बसता येतं, फक्त संध्याकाळची वेळ देवळात जाण्याची म्हणून सोडा. १२ तारखेला मंगळवारी बँक उघडी. म्हणून मी ११ ऑगस्ट, सोमवार, दुपारी २ ही वेळ धरली असती.

हा बदल मात्र सचिवाने एकटीने मेसेजवर करायचा नाही. जुलैची बैठक १० तारखेला असेल तर त्याच बैठकीत विषय काढून "ऑगस्टची बैठक ११ तारखेला घ्यावी" असं इतिवृत्तात लिहून सह्या घ्यायच्या. बँकेकडून कर्ज घ्यायची वेळ येते तेव्हा अधिकारी हजेरी आणि इतिवृत्ताची वही चाळतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि लेखे ही पंचसूत्री ते वहीतूनच तपासतात. ठरलेल्या दिवशी बैठक नाही आणि का नाही याची नोंदही नाही, असं दिसलं की प्रश्न येतात. जुलैत हे राहून गेलं असेल तर अध्यक्षांशी बोलून गटावर आधी सगळ्यांना विचारा, होकार घ्या, आणि ११ तारखेच्या इतिवृत्तात पहिल्याच ओळीत तारीख का बदलली ते लिहा.

व्याजाचाही एक प्रश्न इथेच येतो. बैठक एक दिवस पुढे गेली म्हणून कोणाकडून एका दिवसाचं जादा व्याज घ्यायचं नाही, आणि उशिराचा दंडही नाही. गटातलं व्याज महिन्याच्या हिशेबाने आहे, दिवसाच्या नाही. हे एका वाक्यात मेसेजमध्ये आलं तर बरं, कारण एखादी तरी विचारतेच.

आता गटावरचा मेसेज. तो छोटा असावा, फोन उघडल्याबरोबर तारीख दिसावी, आणि त्यात "उद्या" हा शब्द नसावा. "उद्या मीटिंग आहे" असं तुम्ही रविवारी संध्याकाळी लिहिलंत, आणि जिच्याकडे नेट नसतं तिने ते सोमवारी सकाळी उघडलं, तर तिच्या लेखी बैठक मंगळवारी. तारीख आणि वार दोन्ही लिहा. वार लिहिल्याने तुमचीही तपासणी होते. गेल्या महिन्याचाच मेसेज पुढे पाठवायची सवय असते, तेव्हा तारीख बदलली जाते आणि वार जुनाच राहतो. दोन्ही जुळत नसले की लगेच लक्षात येतं.

तुमच्यासाठी मी असा लिहीन:

मैत्रिणींनो, नमस्कार.
ऑगस्टची बैठक: सोमवार, ११ ऑगस्ट २०२५, दुपारी २ वाजता.
ठिकाण: अध्यक्षताईंच्या घरी.
(१० तारखेला रविवार व राखीचा सण, म्हणून एक दिवस पुढे. याचा दंड किंवा जादा व्याज नाही.)
बचत: रु. २००. पासबुक सोबत आणा.
ज्यांचं कर्ज सुरू आहे त्यांना हप्त्याची रक्कम वेगळी कळवली आहे.
ज्यांना कर्ज हवं आहे त्यांनी ८ तारखेपर्यंत मला फोन करा: किती आणि कशासाठी.
येणार असाल तर खाली "येते" लिहा. येता येणार नसेल तर कारण लिहा आणि पैसे कोणाच्या हाती पाठवणार ते सांगा.

इतकंच. यापुढे सुविचार, फुलं, गणपतीचं चित्र काही जोडू नका. तुम्ही चित्र टाकलंत की उत्तरादाखल आणखी चार जणी चित्रं टाकतात आणि तारीख वर निघून जाते. गट फक्त कामासाठी आहे असं बायकांना पटवणं कठीण जातं, त्यापेक्षा बैठकीच्या आठवड्यात सेटिंग बदलून फक्त अॅडमिनलाच मेसेज टाकता येईल असं करायचा मोह होतो. तो टाळा. "येते" हे उत्तर तुम्हाला हवंच आहे, आणि ते गटावर आलं की बाकीच्यांनाही आठवतं. गटावरचा मेसेज पिन करून ठेवता येतो, तेवढं पुरतं.

कर्जाच्या मागणीची ओळ मुद्दाम आहे. मागणी बैठकीतच उघड झाली की जी आधी बोलते तिला मिळतं. आधी कळलं तर किती जणींनी मागितलं, कोणाची गरज आधी भागवायला हवी, हे तुम्ही आणि अध्यक्षा विचार करून मांडू शकता. ऑगस्टमध्ये गणपतीच्या तयारीसाठी, ऑक्टोबरमध्ये दिवाळीसाठी मागणी वाढतेच. पण गटाकडे किती पैसे शिल्लक आहेत हे मेसेजमध्ये लिहू नका. कोणाच्या घरी, कोणत्या दिवशी, किती रोकड असणार हे फोनवरून बाहेर जाणं चांगलं नाही, आणि तो मेसेज घरातली सगळी माणसं वाचतात.

मेसेज कधी टाकायचा? साधारणपणे मी चार-पाच दिवस आधी एकदा आणि आदल्या संध्याकाळी एकदा असं सांगते. पण ऑगस्टमध्ये पहिला मेसेज बुधवारी ६ तारखेलाच जायला हवा, कारण शुक्रवारपासून बायका माहेरी निघतील. माहेरी गेलेल्या बाईला रविवारी निरोप मिळाला तर ती सोमवारी दुपारी दोनला परत कशी येणार? दुसरा मेसेज रविवारी १० तारखेला संध्याकाळी, तोच, फक्त वर "आठवण" लिहून. तिसरा नको. तीन वेळा आला की दुसऱ्या महिन्यापासून पहिला कोणी वाचत नाही.

एक गोष्ट गावोगाव आडवी येते. तुमच्या बारापैकी दोघी-तिघींनी मायक्रोफायनान्सचं कर्जही घेतलं असेल, आणि त्यांची वसुलीची मीटिंग ठरलेल्या वारी असते. तो वार सोमवार असेल तर त्या तुमच्याकडे येतील पण हातात पैसे नसतील. एकदा सगळ्यांना विचारून तो वार तुमच्या वहीच्या मागे लिहून ठेवा.

आता दुसरा निरोप, हप्त्याचा. मी खाली कर्जदार सभासदांना बचत नोंदवहीतल्या अनुक्रमांकाने ओळखते, तुम्हीही हिशेबाच्या कच्च्या कागदावर तसंच करा. कागद कुठे पडला तर नावं फिरत नाहीत.

समजा ७ नंबरच्या ताईंनी मार्चच्या बैठकीत १२,००० रुपये घेतले. व्याज शेकडा दोन रुपये दरमहा, घटत्या शिल्लकेवर, दहा हप्ते, म्हणजे दर महिन्याला मुद्दल १,२००. एप्रिल, मे, जून, जुलै असे चार हप्ते वेळेवर आले. ४,८०० फिटले, ७,२०० राहिले. ऑगस्टला व्याज ७,२०० वर, म्हणजे १४४. त्यांना द्यायचे: बचत २००, मुद्दल १,२००, व्याज १४४, एकूण १,५४४ रुपये. एप्रिलमध्ये त्यांनी व्याजाचे २४० दिले होते, ऑगस्टला १४४. त्या बाईला दर महिन्याला आकडा कळवला नाही तर ती बिचारी २४० धरूनच पैसे आणणार किंवा गेल्या महिन्याचे १६८ आणणार, आणि दोन्ही चूक.

इथे काही गट सोपं म्हणून शेवटपर्यंत २४० च घेतात. दहा महिन्यांचं ते व्याज २,४०० होतं. घटत्या शिल्लकेवर तेच १,३२० होतं. १,०८० रुपयांचा फरक आहे. तुमच्या गटाने कोणती पद्धत ठरवली आहे ते इतिवृत्तात एकदा बघून घ्या, आणि मेसेजमधला आकडा त्याच पद्धतीचा असू द्या. ठराव एक आणि मेसेज दुसराच, असं झालं की भांडण ठरलेलं.

७ नंबरच्या ताईंना असा निरोप:

नमस्कार ताई. सोमवार ११ ऑगस्टच्या बैठकीला तुमचे द्यायचे:
बचत २००
मुद्दल १,२००
व्याज १४४ (शिल्लक ७,२०० वर)
एकूण रु. १,५४४
हे दिल्यावर कर्ज शिल्लक ६,०००. तुमच्या पासबुकात वेगळं दिसत असेल तर बैठकीआधी मला फोन करा.

शेवटच्या ओळीचा उपयोग फार आहे. पासबुक आणि नोंदवही यांच्यात फरक असेल तर तो बैठकीत सगळ्यांसमोर न निघता फोनवरच निघतो. १,५४४ साठी सुटे लागतात, तेही बाईला आधी कळतं. व्याज पुढच्या दहाच्या पटीत गोळा करून १५० घेणं मोहाचं आहे, पण रोकड वही आणि खतावणी दोन्ही महिनाअखेर जुळत नाहीत. एवढे सुटे नसतील तर कोषाध्यक्षांनी थोडी चिल्लर सोबत ठेवावी.

आता अवघड सभासद. ११ नंबरच्या ताईंनी मेच्या बैठकीत ६,००० घेतले, सहा हप्ते, दर महिन्याला मुद्दल १,०००. जूनचा हप्ता आला, ५,००० राहिले. जुलैत त्या आल्याच नाहीत, ना बचत ना हप्ता. ऑगस्टला त्यांचं असं होतं: जुलै आणि ऑगस्टची बचत ४००, दोन महिन्यांचं मुद्दल २,०००, व्याज दोन्ही महिन्यांचं ५,००० वरच, म्हणजे १०० आणि १००, मिळून २००, आणि तुमच्या ठरावाप्रमाणे दंड असेल तर तो, समजा २०. एकूण २,६२०. जुलैच्या थकलेल्या १०० रुपये व्याजावर पुन्हा व्याज लावू नका. मुद्दल थकलं म्हणून ते ५,००० च राहिलं, आणि व्याज ५,००० वर लागलं, एवढा भार पुरे.

हा आकडा त्यांना नुसता मेसेजवर पाठवू नका, आधी फोन करा. एकदम २,६२० बघितले की बाई येतच नाही, आणि तिसरा महिना थकला की वसूल करणं फार कठीण जातं. फोनवर विचारा, किती जमतंय. समजा त्या म्हणाल्या १,५०० आणते. मग बैठकीत ते कसे लावायचे? तुमच्या ठरावात क्रम नसेल तर याच बैठकीत ठरवून घ्या. बहुतेक ठिकाणी आधी बचत, मग दंड आणि व्याज, उरलेलं मुद्दलात. ४०० बचत, २० दंड, २०० व्याज, म्हणजे ६२० गेले, ८८० मुद्दलात. शिल्लक ४,१२०. सप्टेंबरचं व्याज या ४,१२० वर, ८२ रुपये ४० पैसे. पैसे सोडायचे की वर चढवायचे, हेही एकदा ठरवून टाका.

थकबाकीचा आकडा गटावर कधीच टाकू नका. "अमक्या ताईंचे दोन हप्ते राहिलेत" असं गटावर लिहिल्यावर पैसे लवकर येतात हे खरं आहे, एकदा येतात. मग ती बाई गट सोडते आणि तिच्यासोबत तिची जाऊ किंवा शेजारीणही. बैठकीत मात्र थकबाकी वाचायची, कारण तिथे सभासदांना तो हक्क आहे, आणि ती समोर बसलेली असते, स्वतःचं म्हणणं मांडू शकते.

आणखी एक अडचण आहे जी सचिवांच्या लक्षात उशिरा येते. बाईचा म्हणून जो नंबर तुमच्याकडे आहे तो फोन घरात कोणाकडे असतो? पुष्कळ घरांत तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो. गटाचं कर्ज घेतलेलं घरात सांगितलं नसेल, तर "एकूण १,५४४" हा तुमचा मेसेज त्या रात्री त्या घरात काय करेल याचा विचार करा. म्हणून कर्ज देतानाच विचारायचं: "ताई, हप्त्याचा निरोप फोनवर पाठवू का, की चिठ्ठी देऊ?" काही जणी सांगतात की फक्त तारीख पाठव, आकडा मी विहिरीवर भेटले की विचारीन. तसंच करायचं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आवाजाचा मेसेज पाठवा, वीस सेकंदांचा, आणि त्यातही आकडा दोनदा म्हणा: "पंधराशे चव्वेचाळीस, एक हजार पाचशे चव्वेचाळीस." नुसतं "साडेपंधराशेच्या आसपास" म्हणू नका.

ऑनलाइन पैसे पाठवायची सोय हल्ली सगळ्यांना हवी असते. हरकत नाही, पण पैसे गटाच्या बँक खात्यातच यायला हवेत. सचिवाच्या स्वतःच्या फोनपे किंवा गुगल पेवर घेतलेले पैसे तुमच्या घरखर्चात मिसळतात, आणि सहा महिन्यांनी कोणाचे किती ते तुम्हालाही सांगता येत नाही. गटाचं खाते दोघींच्या सहीने चालतं ते यासाठीच, पैसा एकीच्या हाती राहू नये म्हणून. गटाचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड दर मेसेजमध्ये टाइप करू नका. एखादा अंक चुकला तर पैसे भलतीकडे जातात. एकदा पासबुकाच्या पहिल्या पानावरून तपासून तो गटाच्या माहितीत लिहून ठेवा आणि मेसेजमध्ये फक्त "नेहमीच्या गट खात्यात" म्हणा. "खाते बदललं आहे, आता या नंबरवर पाठवा" असा मेसेज कोणाच्याही नावाने आला तर पैसे पाठवायचे नाहीत, आधी अध्यक्षांना फोन करायचा, हे बैठकीत एकदा सगळ्यांना सांगून टाका. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आला तरी पासबुकात नोंद दिसेपर्यंत नोंदवहीत "जमा" लिहू नका. आणि ऑनलाइन पैसे दिले म्हणून बैठकीची हजेरी लागत नाही. बचत आली, बाई आली नाही, असं दोन्ही वेगळं लिहायचं.

आता बैठकीआधी तुमचं एक काम. सगळ्यांच्या निरोपांतले आकडे एका कागदावर उभे मांडा, त्याला मागणी पत्रक म्हणतात. समजा कर्जवाल्या फक्त चौघी आहेत. ७ आणि ११ नंबर वर आल्याच. ३ नंबरच्या ताईंचे ५,००० बाकी, मुद्दल ५००, व्याज १००, बचत धरून ८००. ९ नंबरच्या ताईंचे ३,००० बाकी, मुद्दल १,०००, व्याज ६०, बचत धरून १,२६०. उरलेल्या आठ जणींची बचत १,६००. बेरीज अशी: १,६०० आणि १,५४४ आणि ८०० आणि १,२६० आणि २,६२०, एकूण ७,८२४ रुपये. हीच रक्कम दुसऱ्या बाजूने मोजून बघा: बचत २,६००, मुद्दल ४,७००, व्याज ५०४, दंड २०. पुन्हा ७,८२४. दोन्ही बेरजा जुळल्या नाहीत तर एखाद्या निरोपात आकडा चुकला आहे, तो पाठवायच्या आधी सापडला तर बरं.

या कागदाचा खरा फायदा बैठकीनंतर होतो. कोषाध्यक्षांनी रोकड मोजली आणि ७,६८० भरली. १४४ कमी. कागदावर नजर टाकली की १४४ हे ७ नंबरच्या ताईंचं व्याज आहे हे दिसतं, म्हणजे त्यांनी १,४०० दिले आणि घाईत तसेच घेतले गेले. बायका अजून ओट्यावरच असतात, लगेच विचारता येतं. कागद नसेल तर हे १४४ कोणाच्या माथी मारायचे यावर अर्धा तास जातो, आणि शेवटी बहुतेक कोषाध्यक्ष ते पदरचे घालते. असं कधीही होऊ देऊ नका. एकदा घातले की ती सवय लागते आणि चूक कुठे होते ते कोणालाच कळत नाही. ११ नंबरच्या ताई कमी आणणार आहेत हे फोनवर आधी ठरलेलं असेल तर कागदावर त्यांची ओळ २,६२० खोडून १,५०० करा, एकूण मागणी ६,७०४ होईल, आणि मोजणी त्याच्याशी ताडा.

बँकेत मंगळवारी १२ तारखेला भरायचे असतील तर सोमवारी रात्रीची रोकड कोणाकडे राहिली ते इतिवृत्तात लिहा, रकमेसह, आणि तिची सही घ्या. त्याच बैठकीत कोणाला नवं कर्ज वाटलं असेल तर तेवढी रक्कम वजा होऊनच बँकेत जाईल. पैसे भरले की चलनाचा फोटो गटावर टाका आणि खाली चार ओळी: ऑगस्टची बचत किती जमली, हप्ते आणि व्याज मिळून किती, कर्ज किती दिलं, बँकेत किती भरले. इथे कोणाचंही नाव नको, फक्त एकूण आकडे. हा मेसेज लोक टाळतात, पण पुढच्या महिन्याच्या आठवणीच्या मेसेजला उत्तर यायला लागतं ते याच्यामुळे. न आलेल्या बाईलाही आपले २०० कुठे गेले ते दिसतं.

त्याच मेसेजच्या शेवटी पुढची तारीख देऊन टाका. सप्टेंबरची १० तारीख बुधवारी आहे, बँक दुसऱ्या दिवशी उघडी, काही बदल लागणार नाही. ऑक्टोबरचं मात्र आत्ताच वहीत लिहून ठेवा. १० ऑक्टोबरला शुक्रवार आहे, ११ ला दुसरा शनिवार, १२ ला रविवार. संध्याकाळी बैठक घेतली तर रोकड सोमवारी १३ तारखेपर्यंत, तीन रात्री, घरात राहील, आणि दिवाळीच्या तोंडावर ती लहान रक्कम नसेल. त्या महिन्यात बैठक सकाळी साडेदहाला धरा, बारा वाजता मोजणी संपवा आणि कोषाध्यक्षांसोबत आणखी एक सभासद त्याच दुपारी बँकेत पाठवा. सप्टेंबरच्या बैठकीत हा विषय घेतला की ऑक्टोबरचा मेसेज लिहायला तुम्हाला दोन मिनिटं पुरतील.